२० टक्के चढवले, २० टक्के उतरवले, मग साडीमागचे ५० रुपये गेले कुठे?

वैशाली_इंदूर

शीतलामाता बाजारात आमचं साड्यांचं दुकान आहे. गल्ला सासरे आणि दीर बघतात, रात्रीचा हिशेब माझ्याकडे असतो. सणाआधी भाऊजींनी ठरवलं की सगळ्या टॅगवर २० टक्के चढवायचे आणि दाराशी '२० टक्के छूट'चा बोर्ड लावायचा. त्यांचा हिशेब असा की गिऱ्हाइकाला छूट मिळते आणि आपल्याला जुनाच भाव मिळतो, म्हणजे कुणाचंच काही जात नाही.

आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. १२५० च्या साडीवर २० टक्के चढवले, टॅग झाला १५००. त्यावर २० टक्के छूट दिली, साडी गेली १२०० ला. दर साडीमागे ५० रुपये कमी! भाऊजी म्हणतात, बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी गडबड आहे. मी वहीवर हातानं करून पाहिलं, तरी १२०० च येतात. म्हणजे सॉफ्टवेअरचा दोष नाही हे मला कळलंय.

पण हे ५० रुपये नेमके कुठल्या जागी गळतात, ते घरी बोट ठेवून दाखवता येईल असं कुणी सांगेल का? शाळेतलं सूत्र मलाही आठवतं, पण सूत्र दाखवून भाऊजींना पटणार नाही. आणखी एक. आधी छूट धरून मग भाव चढवला असता, तर हे पैसे वाचले असते का?

रामबागवाला

वैशालीताई, सोपं आहे. चढवताना २० टक्के १२५० चे होते, म्हणजे २५०. उतरवताना २० टक्के १५०० चे झाले, म्हणजे ३००. टक्का तोच, पण ज्या रकमेवर तो लावला ती बदलली. चढले २५०, उतरले ३००, फरक ५०.

म्हणूनच क्रम उलटा केला असता तर फायदा झाला असता. आधी मोठ्या रकमेवर उतरवायचं, मग चढवायचं. भाऊजींना सांगा, पुढच्या वेळी आधी छूट लावा.

बडोद्याची_मृणाल

मला हा सगळा प्रकारच पटला नाही. आमच्या इथे मंगळबाजारातही असंच चालतं. आधी भाव फुगवायचा आणि मग छुटीचा बोर्ड लावायचा. गिऱ्हाइकाला वाटतं ३०० रुपये वाचले, पण साडी मुळात १२५० चीच होती. तुम्ही तुमच्या ५० रुपयांची चौकशी करताय, गिऱ्हाइकाच्या फसवणुकीचं काय?

वैशाली_इंदूर

मृणालताई, तुमचा राग समजतो आणि हे मी घरीही बोलले आहे. पण या हिशेबात गिऱ्हाइकाला साडी जुन्या भावापेक्षा ५० रुपयांनी स्वस्तच पडली आहे. बोर्ड खरा की खोटा हा प्रश्न वेगळा, त्यावर भांडायला मी तयार आहे. इथे मला फक्त आकड्यांचं समजून घ्यायचंय.

रामबागवाला, तुमचं पहिलं म्हणणं पटलं. दुसरं मी आत्ताच करून बघितलं. १२५० मधून २० टक्के काढले, राहिले १०००. त्यावर २० टक्के चढवले, झाले १२००. परत तेच ५० गेले!

लोकमान्यनगरचे_मास्तर

वैशालीताईंनी करून पाहिलं हे उत्तम केलं. क्रमानं काही फरक पडत नाही, कारण दोन्ही वेळा आपण गुणाकारच करतो. २० टक्के चढवणं म्हणजे १.२ नं गुणणं आणि २० टक्के उतरवणं म्हणजे ०.८ नं गुणणं. कोणतंही आधी घ्या, शेवटी ०.९६ नंच गुणलं जातं.

आता तुमचा मूळ प्रश्न, बोट कुठे ठेवायचं. १५०० च्या टॅगचे मनातल्या मनात दोन तुकडे करा. एक जुना १२५० चा आणि दुसरा नव्यानं चढवलेला २५० चा. छूट देताना २० टक्के दोन्ही तुकड्यांवर बसतात. १२५० वर २५० गेले, तिथे जमाखर्च बरोबर फिटला. पण चढवलेल्या २५० वरसुद्धा २० टक्के बसले, ते ५०. तुमचे हरवलेले ५० रुपये हेच. भाऊजींच्या मनात छूट फक्त जुन्या भावावर होती, बोर्ड मात्र ती वाढीवरही देत होता.

उलट क्रमातही हाच ५० दिसतो. आधी २५० काढून टाकले, मग वाढ उरलेल्या १००० वरच बसली. जे २५० तिथे नव्हतेच, त्यांच्यावर २० टक्के कुठून मिळणार? म्हणून एकदा वाढीचा काही भाग छूट खाते, आणि एकदा गैरहजर रकमेवरची वाढ मिळत नाही. नुकसान दोन्हीकडे सारखंच, २० टक्क्यांचे २० टक्के, म्हणजे ४ टक्के.

भाऊजींना तरीही शंका राहिली तर टोकाचं उदाहरण द्या. साडीचा भाव १०० टक्के चढवा, १२५० चे २५०० करा. आता त्यावर १०० टक्के छूट द्या. साडी फुकट गेली. जुना भाव परत आला का, हे त्यांनाच विचारा.

खातेवही

मी याच बाजारातल्या दोन-तीन दुकानांचे हिशेब बघतो, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात आणि इथेच दुकानदार गाफील राहतो. वैशालीताई, ती १२५० ची साडी तुम्हाला खरेदीला कितीला पडली होती?

वैशाली_इंदूर

साधारण १००० ला. खरेदीवर पंचवीस टक्के धरायचे हा सासऱ्यांचा जुना नियम आहे.

खातेवही

मग बघा. जुन्या भावात साडीमागे नफा होता २५०, आता उरला २००. विक्री ४ टक्क्यांनी घटली, पण नफा २० टक्क्यांनी घटला. भाडं, पगार, वीज यातलं काहीही ४ टक्क्यांनी कमी झालेलं नाही, ते सगळं त्या २०० मधूनच जायचंय. सेलच्या दिवसांत गर्दी असते, गल्ला भरलेला दिसतो, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. ओळखायची खूण एकच. एकूण विक्री बघत बसू नका, दर नगामागे खरेदी वजा जाऊन काय उरलं ते बघा.

हीच गोष्ट जीएसटी वेगळा काढताना रोज दिसते. करासकट रक्कम १०५० असेल आणि कर ५ टक्के असेल, तर नवीन मुलं १०५० चे ५ टक्के काढतात आणि ५२.५० कर लिहितात. खरा कर ५० आहे. अडीच रुपयांचा फरक, म्हणून कुणाची नजर जात नाही. १८ टक्क्यांच्या मालात मात्र तो उघडा पडतो. ११८० च्या बिलातून १८ टक्के थेट काढले तर २१२.४० येतात, खरा कर १८०. सीजीएसटी नियमांतल्या ३५ व्या नियमात कृती स्पष्ट दिली आहे: करासकट रकमेला कराच्या दरानं गुणायचं आणि १०० अधिक दर यानं भागायचं. म्हणजे ११८० गुणिले १८, भागिले ११८.

लोकमान्यनगरचे_मास्तर

खातेवही, तुम्ही जो ३५ वा नियम सांगितला, त्याचा गाभा भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे! ११५० च्या सुमाराचा ग्रंथ. त्यात उत्तरावरून मूळ संख्येकडे उलटं जाण्याची रीत दिली आहे आणि आपल्या प्रश्नाची सोय तिथे वेगळी केली आहे. एखादी रक्कम स्वतःच्याच एखाद्या भागानं वाढवली असेल, तर परत येताना अंश तसाच ठेवायचा आणि हरात अंश मिळवायचा. कमी केली असेल, तर हरातून अंश वजा करायचा.

मी वर्गात हे टक्के बाजूला ठेवून हिश्शांत शिकवायचो, कारण तोंडी होतं. २० टक्के म्हणजे पाचवा हिस्सा. पाचवा हिस्सा चढवला, तर परतायला सहावा हिस्सा उतरवायचा. १५०० चा सहावा हिस्सा २५०, राहिले १२५०. चौथा हिस्सा चढवला तर पाचवा उतरवायचा. उलट, पाचवा हिस्सा उतरवला असेल तर चौथा चढवायचा. आणि १८ टक्के म्हणजे शंभरातले अठरा. हरात अंश मिळवला की शंभराचे ११८ झाले, अंश १८ तसाच राहिला. खातेवहींचा नियम तो हाच.

यातून भाऊजींना हवं ते उत्तरही मिळतं. बोर्डावर २० टक्के छूट, म्हणजे पाचवा हिस्सा, द्यायची ठरलेलीच असेल तर टॅग चौथ्या हिश्शानं चढवायला हवा होता. १२५० ची सव्वापट १५६२.५०. त्यातून २० टक्के काढले की बरोबर १२५०. आमच्या आजोबांची पिढी सवायकी पाठ म्हणायची, त्यांना हा सव्वापटीचा आकडा कागदाशिवाय आला असता.

ग्वाल्हेरचा_अनिरुद्ध

हा धागा वाचून माझा जीव थोडा हलका झाला. मी एका फंडात १ लाख टाकले होते. पहिल्या वर्षी ४० टक्के पडला, दुसऱ्या वर्षी ४० टक्के चढला. मला वाटलं मुद्दल तरी परत आलं असेल. स्टेटमेंट उघडलं तर ८४,०००. मधले १६,००० फंडवाल्यांनी खर्चापोटी कापले असणार असं धरून मी फोनवर बराच वाद घातला. आता वाटतंय, तेही हेच आहे का? आणि एजंट म्हणाला होता की दोन वर्षांची सरासरी शून्य टक्के आहे. ते खोटं होतं का?

लोकमान्यनगरचे_मास्तर

अनिरुद्ध, १ लाखाचे ६० हजार झाले. त्याचे ४० टक्के २४ हजार. ६० आणि २४ मिळून ८४. स्टेटमेंटमधले टक्के खर्च वजा जाऊनच दिलेले असतात, तेव्हा १६,००० चा हिशेब इथेच पूर्ण होतो. ४० टक्के म्हणजे पाचातले दोन. उतरलं आहे, म्हणून हरातून अंश वजा करा, तीनातले दोन. म्हणजे परत १ लाखावर यायला ६० हजारांची दोन तृतीयांश वाढ लागते, सुमारे ६६.६७ टक्के.

एजंटनं उणे ४० आणि अधिक ४० यांची बेरीज करून दोननं भागलं, त्याचं उत्तर शून्य येतंच. पण टक्क्यांची अशी बेरीज तेव्हाच चालते जेव्हा दोन्ही एकाच रकमेचे असतात. तुमच्या पैशाला लागू पडणारा दर हवा असेल तर असा आकडा शोधा जो दोन वर्षं सारखाच लावला की १ लाखाचे ८४ हजार होतात. तो वर्षाला सुमारे ८.३५ टक्के घट असा येतो. तुमच्या नुकसानीबद्दल बोलायचं तर हाच आकडा खरा.

मोठं उदाहरण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ८ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स सुमारे २०,८७३ वर बंद झाला होता, ९ मार्च २००९ ला तो ८,१६० पर्यंत आला. घसरण सुमारे ६१ टक्के. तिथून परत जुन्या जागी पोचायला १५६ टक्क्यांच्या आसपास वाढ हवी होती. नोव्हेंबर २०१० मध्ये दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांत तो पुन्हा २१,००० च्या वर बंद झाला. वर्तमानपत्रात 'एवढे टक्के वाढला' असं वाचून लोक खूश व्हायचे, आणि स्वतःची रक्कम अजून अर्धवटच का आहे हे त्यांना कळायचं नाही.

रामबागवाला

क्रमाचं माझं म्हणणं सोडून देतो. पण एक सांगतो, छोट्या टक्क्यांत हे सगळं नगण्य आहे. १ टक्का वर आणि १ टक्का खाली केलं तर १०० चे ९९.९९ होतात. व्यवहारात ते बरोबरच धरतात. उगाच सामान्य माणसाला घाबरवू नका.

लोकमान्यनगरचे_मास्तर

एका फेरीपुरतं तुमचं म्हणणं योग्य आहे. नुकसान टक्क्याच्या वर्गानं वाढतं. १ टक्क्याला दहा हजारात एक, १० टक्क्यांना शंभरात एक, २० ला शंभरात चार, ५० ला सरळ पाव रक्कम. म्हणून लहान टक्क्यात ते दिसत नाही. पण फेऱ्या साचतात. १ टक्का वर, १ टक्का खाली असं शंभर वेळा झालं तर १०० चे ९९ उरतात. बाजारात रोज खालीवर होणाऱ्या गोष्टीला शंभर फेऱ्या म्हणजे फार काळ नव्हे.

रामबागवाला

साडीच्या दुकानात कोण शंभर वेळा भाव खालीवर करतं? तिथे तरी माझं म्हणणं उभं राहतं.

खातेवही

साडीच्या दुकानात राहतं, मान्य. घाऊकवाल्यांच्या दरपत्रकात मात्र राहत नाही. मी बघितलंय, कापडाचा दर ५ टक्के वाढला, उतरला, पुन्हा वाढला, आणि प्रत्येक वेळी माणूस जुन्या आकड्याकडे न बघता आधीच्या टॅगवरच टक्के लावत जातो. वर्षाअखेरी भाव मूळ जागी नसतो आणि कुठे सरकला ते सापडत नाही. त्यावर उपाय साधा आहे. मूळ भावाचा रकाना कोरा ठेवू नका, आणि दर वेळी टक्के त्याच रकान्यावरून काढा.

वैशालीताई, तुमच्याकडे आणखी एक घोळ संभवतो. सासरे म्हणतात पंचवीस टक्के नफा. ते खरेदीवर. १२५० च्या विक्रीवर तोच नफा २० टक्के होतो. माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर `1000 MU 20 %` दाबलं की १२५० येतात, कारण ते बटण २० टक्के विक्रीवर धरतं. भाऊजींनी ते 'खरेदीवर २०' समजून वापरलं तर आकडे पुन्हा हलतील. घरात एकदा ठरवून घ्या, टक्का कशावर.

वैशाली_इंदूर

हे तर आमच्याकडे अगदी असंच आहे! सासरे खरेदीवर बोलतात, भाऊजी विक्रीवर, आणि दोघांनाही वाटतं समोरचा चुकतोय. यातलं बरोबर कुठलं?

खातेवही

दोन्ही चालतं. काही धंद्यांत खरेदीवर बोलायची पद्धत आहे, काही ठिकाणी विक्रीवर. मी विक्रीवर धरतो, कारण खर्चही मी विक्रीच्या टक्क्यांतच मोजतो.

लोकमान्यनगरचे_मास्तर

मी खरेदीवर धरीन, कारण खरेदी हा झालेला खर्च आहे, तो छुटीनं हलत नाही. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतं.

वैशाली_इंदूर

वाढीच्या २५० वरचे ५०, हे कागदावर दोन रंगांच्या पेननं काढून दाखवलं आणि भाऊजींना पटलं. शंभर टक्क्यांच्या उदाहरणावर सासरेही थांबून विचार करायला लागले.

आता अडचण पुढची. उरलेल्या मालाला १५०० चेच टॅग आहेत. १५६५ चे नवे लावायला भाऊजी तयार नाहीत, म्हणतात रोजची गिऱ्हाइकं भाव लक्षात ठेवतात. सहावा हिस्सा छूट म्हणजे १६.६७ टक्के, असा बोर्ड कुणी लावत नाही. १६ टक्के लावले तर १२६० होतात, १७ ला १२४५.

बडोद्याची_मृणाल

माझा मूळ आक्षेप कायम आहे, जुना भाव टॅगवर लिहा एवढंच म्हणेन. पण आकड्यांचं म्हणाल तर सहावा हिस्सा सूट म्हणजेच 'पाच घ्या, सहावी मोफत'. पाच साड्यांचे ७५००, साड्या सहा. दर साडी १२५०.

लोकमान्यनगरचे_मास्तर

अगदी बरोबर! दशांशही नको आणि टॅगही बदलायला नको.

रामबागवाला

सहा साड्या एकदम कोण घेतं?

वैशाली_इंदूर

लग्नसराईत घेतात. मानपानाच्या साड्या सहा काय, बारासुद्धा एका वेळी जातात. मृणालताई, मनापासून आभार, हे मी आजच घरी मांडते. जुना भाव टॅगवर लिहायचंही त्याच वेळी विचारते, पण तिथे होकार मिळेल असं वाटत नाही.

फक्त एक गोष्ट अजून सुटत नाही. मानपानाच्या साड्यांतली एखादी नेहमी बदलायला नाहीतर परत करायला येते. सहातली एकच परत आली तर पैसे किती द्यायचे? १५००, १२५०, की मोफतची म्हणून काहीच नाही? पाच उरल्या की योजनेची अटच मोडते, मग त्या पाचांचे ७५०० धरायचे का? खातेवही, तुमच्या दुकानांत हे कसं करतात?

खातेवही

दोन दुकानांत दोन तऱ्हा आहेत. एक जण १२५० देतो. दुसरा म्हणतो पाच साड्यांचे ७५०० झालेच होते, तेव्हा पैसे परत नाहीत, फक्त बदलून मिळेल. दोघांचीही गिऱ्हाइकं यावरून भांडतात. काहीही ठरवा, पण ते बिलावर आधीच छापा.